साडीची प्रिंट कुर्त्यावर घ्यायचीय? मग कोयरी मॉडेलला काढू देऊ नका

नमस्कार मंडळी! साडीचा फोटो देऊन एआयला सांगायचं की ह्याच प्रिंटचा कुर्ता बनव, हे बरेच जण करतात, आणि लांबून बघितलं तर जमल्यासारखंही वाटतं, पण झूम केलं की कोयरीचं शेपूट गायब, आतले ठिपके एकमेकांत मिसळलेले, दोन कोयऱ्या सारख्या नाहीत. असं का होतं ते आधी बघू, म्हणजे उपाय आपोआप कळेल.

समजा कोयरी ३ सेमी उंच आणि २ सेमी रुंद आहे. इमेजमध्ये छातीची ५० सेमी रुंदी ४०० पिक्सेलमध्ये बसली, म्हणजे एका सेंटीमीटरला ८ पिक्सेल, म्हणजे आख्खी कोयरी २४ बाय १६ पिक्सेल. आता स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स थेट पिक्सेलवर काम करत नाहीत, आधी चित्र दोन्ही बाजूंनी ८ पट लहान करून घेतात, म्हणजे तुमच्या कोयरीला उरली ३ बाय २, फक्त सहा घरं! त्यात ठिपके, पाकळ्या, वळलेलं टोक कुठून मावणार? मग मॉडेल अंदाजाने काहीतरी कोयरीसारखं काढतं. प्रॉम्प्ट कितीही बदला, हे सुटत नाही.

म्हणून मी मॉडेलकडून फक्त साधा, फिकट राखाडी, बिनप्रिंटचा कुर्ता बनवून घेते, चुण्या आणि सावल्या मात्र स्पष्ट हव्यात. तो ४ पट मोठा करायचा, आता एका सेंटीमीटरला ३२ पिक्सेल. प्रिंट आपण स्वतः वर चढवायची, आणि चढवल्यावर ती इमेज पुन्हा मॉडेलमधून अजिबात काढायची नाही, "जरा फिनिशिंग करू" म्हणून सुद्धा नाही, कारण मॉडेल चित्र पुन्हा ८ पट लहान करून घेतं आणि बारकावे परत बिघडतात.

आता साडीचा फोटो. इस्त्री केलेली साडी सपाट पसरा, शेजारी एक ए४ कागद ठेवा, कॅमेरा बरोब्बर वरून धरा आणि थोडं लांब जाऊन झूम करा, कारण जवळून वाइड लेन्सने काढलं की कडेच्या बुट्ट्या ताणल्या जातात. मग एडिटरमध्ये पर्स्पेक्टिव्ह टूलने कागदाचे कोपरे असे जुळवा की तो २१ बाय २९.७ च्या प्रमाणात येईल. कागद सरळ झाला की साडीही सरळ झाली, आणि वर सेंटीमीटरचं मापही फुकटात मिळालं.

एका बाजूने उजेड जास्त असेल तर लेयरची कॉपी काढून ती कृष्णधवल करा, भरपूर ब्लर करा, लेव्हल्सने तिचा सगळ्यात उजळ भाग पांढरा करा आणि डिव्हाइड मोडला टाका, फक्त ब्लर एका रिपीटपेक्षा, म्हणजे नक्षी पुन्हा पुन्हा येते त्या एका तुकड्यापेक्षा, मोठा पाहिजे, नाहीतर कोयरीचाच रंग उडतो.

आता रिपीट शोधायचा, आणि इथे घाई नको. आपल्या साडीत उभ्या रांगेत दर १२ सेमीला एक कोयरी आहे आणि ६ सेमीवरच्या शेजारच्या रांगेत ती अर्धी खाली सरकलेली आहे, ह्याला हाफ ड्रॉप म्हणतात. एकाच रांगेचा तुकडा कापलात तर सरकणं हरवेल आणि सगळ्या कोयऱ्या एका ओळीत उभ्या राहतील. दोन रांगा धरून १२ बाय १२ सेमीचा चौकोन कापा, हीच आपली टाइल, कुर्त्यासाठी त्याचे होतात ३८४ पिक्सेल. मग ऑफसेटने अर्धा सरकवून मधला सांधा तपासा. काठ ह्यात घेऊ नका, तो वेगळी पट्टी म्हणून लावायचा.

चढवताना पुढचा भाग, मागचा भाग आणि प्रत्येक बाही ह्यांचे वेगळे मास्क करा. बाहीवरची प्रिंट हाताच्या दिशेने फिरवा आणि शिवणीवर ती तुटू द्या! खऱ्या कुर्त्यात तुकडे कापून शिवलेले असतात, त्यामुळे छातीवरून बाहीवर सलग वाहत गेलेली प्रिंटच खोटी दिसते.

चुण्यांप्रमाणे प्रिंट वाकवायच्या, म्हणजे वॉर्प करायच्या आधी मी प्रिंटच्या जागी ३ सेमीच्या चौकोनांचा बुद्धिबळाचा पट लावते, ही माझी सगळ्यात आवडती स्टेप आहे. कापड वळतं तिथे चौकोन अरुंद दिसणं बरोबर आहे, कारण आपण ते तिरकं बघतोय. पण साधं सुती कापड रबरासारखं ताणत नाही, त्यामुळे छातीवरच्या सरळ चौकोनापेक्षा मोठा चौकोन कुठेच दिसता कामा नये. दिसला तर वॉर्प तिथे चुकलाय, तेवढाच भाग सैल करा. पट नीट बसला की त्याच वॉर्पवर प्रिंटची टाइल टाका आणि राखाडी कुर्ता मल्टिप्लाय मोडमध्ये वर ठेवा, म्हणजे सावल्या प्रिंटवर उतरतात. सगळं काळपट वाटलं तर कुर्त्याचा लेयर लेव्हल्सने उजळा, प्रिंटचा रंग हलवू नका.

शेवटी छातीवरची एक कोयरी मोजा, ९६ बाय ६४ च्या आसपास यायला हवी. आणि प्रिंटमध्ये चमकणारी सोनेरी खडी असेल तर ह्या पद्धतीने ती फक्त पिवळी दिसेल, कारण फोटोतली चमक त्या वेळच्या उजेडाची असते आणि ती कुर्त्याच्या चुण्यांबरोबर हलत नाही, तेवढ्या भागाचा वेगळा मास्क करून चमक हाताने द्यावी लागते.