चारशे दिवस की पाच वर्षं?

श्रोतेहो, नमस्कार. बँकेच्या शाखेत काम करत असताना एक प्रश्न मला काउंटरवर हमखास ऐकायला मिळायचा. निवृत्त मास्तर दरांच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारायचे, "साहेब, छपाईत चूक झाली का हो? चारशे दिवसांना जास्त व्याज आणि पाच वर्षांना कमी?"

चूक नव्हती. २०२३ च्या मार्चमधला स्टेट बँकेचा तक्ता आठवून पाहा. 'अमृत कलश' या ४०० दिवसांच्या ठेवीला ७.१० टक्के आणि पाच ते दहा वर्षांच्या ठेवीला ६.५० टक्के. आता त्याच बँकेचा जानेवारी २०२१ चा तक्ता घ्या. एक ते दोन वर्षांना ५ टक्के आणि पाच ते दहा वर्षांना ५.४० टक्के. म्हणजे तेव्हा लांब मुदतीलाच जास्त व्याज होतं. दोन वर्षांत तक्ता उलटला कसा?

बँकेत मालमत्ता आणि देणी यांचा मेळ घालणारी एक समिती असते. ठेवींचे दर तीच ठरवते. तिच्यासमोर मुख्य प्रश्न असा असतो, की आज घेतलेल्या पैशावर आपण पुढे काय कमावणार? २०१९ च्या ऑक्टोबरपासून बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला जोडावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना थोड्या काळासाठी पैसे देते तो दर, निवडला. रेपो उतरला की फार तर तीन महिन्यांत कर्जदाराचं व्याज उतरतं. ठेवीचं मात्र तसं नाही. एकदा पावतीवर दर छापला, की मुदत संपेपर्यंत बँक बांधली गेली.

२०२१ मध्ये रेपो ४ टक्क्यांवर, तळाशी होता. इथून दर वरच जाणार, असं दिसत असताना स्वस्तातला पैसा जितका लांब मिळेल तितका बरा. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ६.५० वर पोचला, आणि आज ना उद्या तो खाली येणार, हा अंदाज बांधणं अवघड नव्हतं. भाव उतरणार असं दिसत असताना कुठला व्यापारी आजच्या भावानं पाच वर्षांच्या खरेदीचा करार करेल? बँकेला पैसा हवाच होता, पण थोड्या काळासाठी. म्हणून चढा दर ४०० दिवसांना.

आणि ४००च का? एक ते दोन वर्षांच्या अख्ख्या गटाचा दर वाढवला, तर त्या गटात येणाऱ्या प्रत्येक नव्या ठेवीला तो द्यावा लागतो. एकाच नेमक्या मुदतीला वाढवला, तर खर्च तेवढ्यापुरताच राहतो, शिवाय जाहिरातही होते. (जाहिरातीचा भाग लहान नसतो, हे मी अनुभवानं सांगतो.)

लांब मुदतीचा दर खाली ठेवायला आणखी एक कारण आहे, ते फारसं बोललं जात नाही. दर वाढले की ठेवीदार जुनी पावती मोडून नवी करतो. दर उतरले की तोच ठेवीदार पावती जपून ठेवतो. दोन्हीकडून नुकसान बँकेचं. मोडताना ठेव जितके दिवस राहिली, तितक्या मुदतीचा जुना दर लागतो आणि वर बहुधा अर्धा ते एक टक्का कापला जातो. या कपातीतून बँकेची भरपाई पूर्ण होत नाही.

आता मास्तरांचा हिशेब. समजा त्यांनी १ मार्च २०२३ ला एक लाख रुपये ४०० दिवसांसाठी ठेवले. ४ एप्रिल २०२४ ला साधारण १ लाख ८ हजार हातात आले. तीच योजना तेव्हाही चालू होती, म्हणून सगळी रक्कम पुन्हा तिच्यातच घातली. ९ मे २०२५ ला झाले सुमारे १ लाख १६ हजार ७००. आणि पाच वर्षांची पावती केली असती तर १ मार्च २०२८ ला मिळाले असते साधारण १ लाख ३८ हजार. मग उरलेल्या दोन वर्षं दहा महिन्यांत किती दर मिळाला, की दोन्ही वाटा एकाच रकमेला पोचतात? गणित केलं, तर ६ टक्क्यांच्या किंचित वर. मे २०२५ पर्यंत रेपो दोनदा उतरून ६ वर आला होता, तरी दोन ते तीन वर्षांच्या ठेवीला त्याहून जास्त दर मिळत होता. म्हणजे मास्तर फायद्यात राहिले, पण थोडक्यात. तिसऱ्या वेळीही त्यांनी वर्षभराचीच ठेव केली असती, तर जूनमध्ये रेपो आणखी अर्धा टक्का उतरल्यावर पुढच्या नूतनीकरणाला त्यांना कमी दर घ्यावा लागला असता, आणि पाच वर्षांची पावती केलेला शेजारी पुढं जाण्याची शक्यता होती.

म्हणून तक्ता पाहताना मी मास्तरांना विचारायचो, "हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत?" मुलीच्या लग्नाला दीड वर्ष असेल, तर चारशे दिवस ठीक. दर महिन्याच्या घरखर्चाला व्याज हवं असेल, तर अर्धे थोड्या मुदतीत आणि अर्धे लांब मुदतीत. मास्तर मान हलवायचे, आणि बहुतेक वेळा सगळेच पैसे चारशे दिवसांना ठेवून जायचे.