थेंबाबरोबर डोळ्यात काय जातं?

(दृश्य : पहाटेचा रस्ता, सेवा केंद्राचं वर जाणारं शटर, आत कूलरचा आवाज)

मे महिना आहे. परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि सेवा केंद्रासमोर वीसेक माणसं उभी आहेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेयर. निकाल लागले की प्रवेशाची गडबड, आणि प्रवेशाची गडबड म्हणजे या दोन खुर्च्यांच्या खोलीतली गर्दी. जुलैत पीक विम्याचे अर्ज सुरू झाले की हीच रांग रस्त्यापर्यंत जाते.

केंद्र चालवणाऱ्या भाऊंचं वय छत्तीस. दिवसाचे अकरा-बारा तास ते या स्क्रीनसमोर असतात. डावीकडे कूलर, खिडकीपेक्षा जवळ. त्याचा झोत सरळ चेहऱ्यावर.

(दृश्य : भाऊंच्या डोळ्यांचा क्लोजअप, एक मिनिट, न तोडता)

हे एक मिनिट आम्ही कुठेही कापलेलं नाही. तुम्हीही मोजा. अर्ज भरताना भाऊंची पापणी एका मिनिटात चार वेळा लवली. त्यातल्या दोन वेळा ती पूर्ण मिटलीच नाही, अर्ध्यावरून परत वर गेली. सर्व्हर अडकला, ओटीपीची वाट बघत स्क्रीनवर गोल फिरत राहिलं, तेवढा वेळ तर डोळा नुसता उघडा.

(दृश्य : भाऊ एका आजोबांशी बोलताना)

आणि हे दुसरं मिनिट. समोर आजोबा आहेत, बोलणं चाललंय सातबाऱ्याचं. या मिनिटात पापणी सतरा वेळा लवली.

डोळ्यावर अश्रूंचा एक अगदी पातळ थर असतो. खाली बुळबुळीत श्लेष्मल भाग, मध्ये पाणी, वर तेलाचा तवंग. हे तेल पापणीच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं, आणि पापणी पूर्ण मिटली तरच ते नीट पसरतं. तवंग फाटला की खालचं पाणी उडून जातं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याची कोरडी हवा, त्यात पंख्याचा किंवा कूलरचा झोत, आणि न मिटणारी पापणी, तिन्ही एकत्र आल्यावर पाणी किती वेळ टिकणार?

भाऊ सांगतात, "दुपारी दोन वाजले की डोळ्यात खडे गेल्यावानी होतंय. आग व्हायली की थेंब टाकतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतंय."

(दृश्य : टेबलाचा खण. त्यात एकाच औषधाच्या पाच रिकाम्या बाटल्या)

हा खण आम्हाला त्यांनी स्वतःहून उघडून दाखवला. मेडिकलमधून आणलेले कृत्रिम अश्रू, म्हणजे डोळा ओला ठेवणारे साधे थेंब. सुरुवातीला दिवसातून दोनदा. मग चारदा. या फेब्रुवारीपासून आठ-दहा वेळा. बाटल्या वाढत गेल्या, तशी आगही वाढत गेली. भाऊंचा हिशेब सरळ होता : आग जास्त, म्हणजे थेंब कमी पडतोय.

(दृश्य : बाटलीचं लेबल, भिंगाखाली)

लेबलवरची ही ओळ बघा, अक्षर मुंगीएवढं आहे. वर औषधाचं नाव, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, अर्धा टक्का. हाच थेंबातला ओलावा टिकवणारा घटक. त्याखाली प्रिझर्व्हेटिव्ह, आणि पुढे बेन्झाल्कोनियम क्लोराइड.

हे दुसरं रसायन बाटलीत का घालतात? बाटली एकदा उघडली की रोज तिचं तोंड हवेला लागतं, पापणीला लागतं, बोटाला लागतं. आत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालावंच लागतं. त्याची जात साबणाची आहे, ते जंतूचं आवरण फोडतं. पण आवरण जंतूचं की डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशीचं, हा भेद त्याला कळत नाही. वरचा तेलाचा तवंगही ते विस्कटतं, म्हणजे जो तवंग वाचवायला थेंब टाकला, तोच.

दिवसातून दोन-तीन थेंबांना निरोगी डोळा हे सहज सोसतो. थोड्या दिवसांसाठी अशी बाटली वापरणाऱ्यांनी घाबरून ती फेकून देण्याचं कारण नाही. डॉक्टर साधारण चार वेळा ही मर्यादा धरतात. त्याहून जास्त वेळा, आणि महिनोन्‌महिने थेंब लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला थेंब घ्यावा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी तर लेन्स डोळ्यात असताना हा बाटलीतला थेंब टाकूच नये, कारण लेन्स हे रसायन शोषून घेते आणि हळूहळू सोडत राहते.

इतकी साधी गोष्ट, पण पाच बाटल्या विकत घेताना कुणीच भाऊंना विचारलं नाही की दिवसातून किती वेळा टाकता.

(दृश्य : नेत्रतज्ज्ञांची खोली. दिवे मालवले जातात)

तालुक्याहून परभणी. डॉक्टरांनी आधी पापण्यांच्या कडा पाहिल्या, बोटाने हलके दाबून. निरोगी ग्रंथीतून येणारं तेल गोडेतेलासारखं पातळ असतं. भाऊंचं घट्ट होतं, तुपासारखं थिजलेलं.

मग ही नारिंगी कागदी पट्टी. फ्लुरोसीन नावाचा रंग तिला लावलेला असतो. सलाइनच्या थेंबाने ओली करून खालच्या पापणीच्या आत नुसती टेकवायची.

(दृश्य : निळ्या प्रकाशात हिरवा चमकणारा डोळा. ही चौकट सावकाश)

निळ्या उजेडात अश्रूंचा थर असा हिरवा दिसतो. डॉक्टर म्हणतात, एकदा मिटा, आता उघडे ठेवा. एक, दोन, तीन, चार... हा बघा, खाली काळा डाग उमटला. इथे थर फाटला. चांगला थर दहा सेकंद तरी टिकतो. भाऊंचा चार सेकंदांत गेला.

आता खालच्या बाजूला बघा. मोहरीहून बारीक हिरवे ठिपके, एकेक वेगळा. जिथे जिथे बुबुळावरच्या काचेची वरची पेशी दुखावली आहे, तिथे रंग धरलाय. वाढत गेलेली आग इथून येत होती.

शेवटी पापणीत अडकवायची टिपकागदाची पट्टी. पाच मिनिटं तशीच ठेवून किती मिलिमीटर भिजली ते बघतात. पाचापेक्षा कमी म्हणजे डोळ्यात पाणीच कमी तयार होतंय. भाऊंची चौदापर्यंत भिजली. म्हणजे पाणी पुरेसं होतं, टिकत नव्हतं. आणि जो पृष्ठभाग आधीच कोरडा पडत होता, त्यावर दिवसातून दहा वेळा प्रिझर्व्हेटिव्ह पडत होतं.

डॉक्टरांनी बाटली बंद केली. तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, प्रिझर्व्हेटिव्हशिवाय दिलं. रोज रात्री कोमट पाण्यात पिळलेला कपडा मिटलेल्या पापण्यांवर दहा मिनिटं, थिजलेलं तेल वितळायला. कूलरचं तोंड फिरवायचं. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली घ्यायची, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो.

(दृश्य : तळहातावर प्लास्टिकची बारकी कुपी, शेजारी झडप असलेली बाटली)

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला थेंब दोन प्रकारांत मिळतो. एक ही कुपी. मान मोडायची, थेंब टाकायचा, उरलेलं टाकून द्यायचं. काही कुप्यांना परत टोपण बसतं आणि लेबलवर काही तासांची मुभा असते, तेवढीच पाळायची. दुसरी ही बाटली. हिच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप आहे, थेंब बाहेर येतो पण बाहेरचं काही आत जात नाही. दोन्ही साध्या बाटलीपेक्षा महाग. कुप्या तर रोजच्या वापराला फारच.

म्हणून लोक काय करतात? भाऊंनी पहिल्या आठवड्यात केलं तेच. एक कुपी तीन दिवस पुरवली, शर्टाच्या खिशात ठेवून. प्रिझर्व्हेटिव्ह काढलं की जंतूंना अडवणारं आत काहीच उरत नाही, हे कुपीकडे बघून कळत नाही. 2023 मध्ये अमेरिकेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, पण पुन्हा पुन्हा वापरायच्या बाटलीतल्या कृत्रिम अश्रूंमुळे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची साथ पसरली. काहींची दृष्टी गेली, काहींचा जीव गेला. डॉक्टरांनी भाऊंना झडपेची बाटली घ्यायला लावली. उघडल्यावर ती किती दिवस चालते ते खोक्यावर असतं. साध्या बाटलीला एक महिना धरा.

(दृश्य : भाऊ थेंब टाकताना)

खालची पापणी किंचित ओढायची, टोक न टेकवता एकच थेंब. डोळ्यात मावतोच जेमतेम एक, दुसरा गालावर येतो. मग मिनिटभर डोळे मिटून.

(दृश्य : दवाखान्याबाहेरचा बाक, दुरून)

इथून पुढचं आमच्याकडे चित्रित नाही. भाऊंच्या आधी आत गेलेल्या एक मावशी, तुरीचं धसकट डोळ्याला लागलेलं. सहा दिवस त्यांनी मेडिकलमधून आणलेला लाल डोळ्याचा थेंब टाकला, त्यात स्टिरॉइड होतं. लाली उतरली, बुबुळावर पांढरा ठिपका वाढत राहिला. बुरशीचा संसर्ग, आणि स्टिरॉइडने त्याला रान मोकळं. त्यांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

स्क्रीनचा कोरडेपणा बहुधा दोन्ही डोळ्यांत येतो, दुपारी वाढतो आणि त्यात अंधुक दिसलं तर पापणी लववली की साफ होतं. एकाच डोळ्यात दुखणं, उजेड सहन न होणं, मिटून उघडूनही धूसर दिसणं, पू येणं, बुबुळावर पांढरं दिसणं, काही लागलेलं असणं, लेन्स लावणाऱ्याचा डोळा लाल होणं, यांतलं एकही असेल तर थेंब नको, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. डोळ्यात फवारणीचं औषध किंवा चुना गेला तर आधी पंधरा-वीस मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवायचं, मग दवाखाना. आणि साधा कोरडेपणाही थेंब नीट टाकून दोन आठवड्यांत हटला नाही, तर दाखवायचंच.

(दृश्य : पुन्हा निळा उजेड, हिरवा डोळा)

पाच आठवड्यांनंतर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. डाग आत्ता उमटला. खालचे ठिपके मोजून पाच-सहा उरलेत.

(दृश्य : मेडिकलचं काउंटर, संध्याकाळ)

भाऊ नवी बाटली घ्यायला आलेत. खोक्यावर पेनाने तारीख लिहितायत. शेजारी एक तरुण, रुमालाने डोळा दाबून, लाल डोळ्याचा थेंब मागतोय. भाऊ लिहिता लिहिता थांबले.

"एकच डोळा का रे? काही लागलंय का?"

"कापसाच्या पऱ्हाट्या उपटायलो होतो, काल."

भाऊंनी बाटली खिशात टाकली आणि मोटरसायकलची किल्ली काढली.