बावीस ओळींची सेटिंग्ज स्क्रीन: गर्दी कशी मोडायची

(सोलापुरात ॲप बनवणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आज एकच स्क्रीन घेऊ. चाटी गल्लीतल्या चादर-टॉवेलच्या दुकानात चालेल असं बिलाचं ॲप डोळ्यांसमोर आणा आणि त्याची सेटिंग्ज उघडा. एकाखाली एक बावीस ओळी. प्रत्येक ओळ ४० डीपी उंच, दोन ओळींमध्ये करडी रेघ, सगळी अक्षरं १४ एसपी आणि निम्मी ठळक. दुकानाचं नाव, पत्ता, फोन, जीएसटी क्रमांक आणि लोगो वर. मग भाषा, प्रिंटर जोडणे, पिन, बिलाचा पुढचा क्रमांक, उधारीची आठवण, कागदाची रुंदी... आणि तळाला ‘लॉग आउट’ला खेटून ‘सर्व डेटा पुसा’.

हा क्रम कसा पडला ते उघड आहे: जे फीचर जसं तयार झालं तशी त्याची ओळ खाली जोडली गेली. गिऱ्हाईक समोर उभं आहे, ५८ मिमीच्या प्रिंटरऐवजी ८० मिमीचा लावलाय आणि बिल कागदाच्या डाव्या बाजूलाच छापून येतंय. अशा वेळी दुकानदाराला ‘कागदाची रुंदी’ हवी असते आणि त्यासाठी त्याला सगळी यादी वाचावी लागते. रिव्ह्यूमध्ये अशा स्क्रीनवर पहिली सूचना बहुतेक वेळा ‘आयकॉन टाकू या’ अशी येते. आयकॉन टाकले की बावीस ओळींच्या जोडीला बावीस चित्रं होतात, बाकी काही बदलत नाही.

सुरुवात गटांपासून करायची, आणि तीही कागदावर. प्रत्येक सेटिंग एकेका चिठ्ठीवर लिहा आणि दोन-तीन दुकानदारांना त्यांचे ढीग करायला सांगा. नावं तुम्ही सुचवू नका. आपल्या हातून पडणारे गट कोडच्या फोल्डरसारखे पडतात: ‘जनरल’, ‘ॲडव्हान्स्ड’, ‘इतर’. यातलं ‘इतर’ सगळ्यात घातक, कारण पुढच्या वर्षीचं प्रत्येक नवं सेटिंग तिथेच जाऊन पडणार. आपल्या यादीचे गट असे पडतील असं धरू: दुकान (पाच ओळी), छपाई (चार), बिल (तीन), उधारी (तीन), ॲपची भाषा, अक्षरं आणि आवाज (तीन), सुरक्षा (चार). दुकानाच्या पाच गोष्टी एकदा भरल्या की वर्षभर कुणी बघत नाही. त्या ‘दुकानाची माहिती’ या एका ओळीमागे वेगळ्या स्क्रीनवर जाऊ देत. ‘सर्व डेटा पुसा’ बॅकअपच्या स्क्रीनच्या तळाशी न्या, म्हणजे पुसण्याआधी बॅकअपची तारीख नजरेसमोर असेल. मुख्य स्क्रीनवर आता सतरा ओळी उरल्या.

आता अंतरं. जवळजवळ असलेल्या गोष्टी डोळा एक गट म्हणून पाहतो, हे माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ च्या निबंधात ठिपक्यांच्या रांगा काढून दाखवलं. आपल्या कामात त्याचा अर्थ एवढाच की गटाच्या आतलं अंतर आणि दोन गटांमधलं अंतर यांत फरक ठसठशीत हवा. आत ८ आणि बाहेर १२ ठेवलं तर तो फरक कुणाला दिसत नाही, नुसती मांडणी हुकल्यासारखी वाटते. आत ८, बाहेर २४ ठेवा.

सगळ्यात जास्त चूक होते ती गटाच्या मथळ्यात. वर १६, खाली १६ दिलं की ‘छपाई’ हा शब्द मध्येच तरंगतो. तो वरच्या ओळींचा की खालच्या, ते कळत नाही. मथळ्याच्या वर २४ आणि खाली ८ द्या. देवनागरीत इथे एक मेख आहे. ‘पूर्ण’, ‘दुरुस्ती’, ‘रुंदी’ अशा शब्दांत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार येतात, म्हणून १६ एसपीच्या अक्षराला ओळीची उंची २४ तरी लागते. त्यात अँड्रॉइडचं `TextView` वरखाली स्वतःची थोडी जागा धरतं. `includeFontPadding` चालूच असतं. त्यामुळे फाइलमध्ये ८ लिहिलेलं पडद्यावर १२ दिसू शकतं. आकड्यावर विसंबू नका. स्क्रीनशॉट घ्या, मोठा करा आणि अक्षराच्या खालच्या टोकापासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत मोजा.

अंतर नीट पडलं की ओळींमधल्या रेघा काढून टाका. प्रत्येक ओळीभोवती चौकट तर मुळीच नको, कारण चौकट जवळीकीवर मात करते. चौकटीत बसवलेल्या सतरा ओळी परत सतरा सुट्या वस्तू दिसतात. चौकट हवीच असेल तर गटाभोवती घाला.

ठळकपणाचं थोडक्यात. तीन पायऱ्या पुरतात: मथळा १४ एसपी, मध्यम जाड, ॲपच्या रंगात, ओळीचं नाव १६ एसपी, साधं, काळं, आणि त्याखाली सध्याची निवड १४ एसपी, करडी. ही तिसरी पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच नुकसान होतं. ‘कागदाची रुंदी’खाली ‘५८ मिमी’ दिसलं असतं तर दुकानदाराला आत न शिरताच चूक कळली असती. करडा मात्र जपून निवडा. पांढऱ्यावर `#999999` चा कॉन्ट्रास्ट ४.५:१ च्या बराच खाली पडतो आणि दुपारच्या उजेडात ती ओळ वाचताच येत नाही. `#767676` जेमतेम पास होतो, त्याहून गडद घेतला तर उत्तम. लाल रंग फक्त डेटा पुसण्यासाठी राखून ठेवा, लॉग आउटला नको.

या सगळ्याने स्क्रीन आखूड होत नाही, उलट वाढते. आधी २२ × ४० म्हणजे ८८० डीपी होती. आता बोट नेमकं पडावं म्हणून ओळ ५६ डीपीची केली, तर १७ × ५६ म्हणजे ९५२, आणि पाच मथळ्यांचे प्रत्येकी ५२ धरून २६०; एकूण १२१२. म्हणून क्रमाला महत्त्व येतं. ८०० डीपी उंचीच्या फोनवर वरच्या पट्ट्या वजा जाता साधारण ७०० हातात राहतात. त्यात दुकानाची ओळ, छपाई आणि बिल मिळून ५५२ होतात. पुढे उधारीचा मथळा आणि पहिली ओळ बसते, दुसरी मध्येच कापली जाते. ती कापलेली ओळ तशीच राहू द्या. खाली अजून काही आहे हे त्यावरूनच कळतं. गट नेमका पडद्याच्या कडेला संपला तर माणूस स्क्रोल करतच नाही.

सोलापुरात भाषेच्या ओळीकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. एकाच दुकानात मालक तेलुगू, मुनीम मराठी आणि कामगार कन्नड बोलणारा असू शकतो. कुणीतरी भाषा बदलली की पुढच्याला ‘भाषा’ हा शब्दच वाचता येत नाही. तेवढ्या एका ओळीला आयकॉन द्या आणि आतल्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा. तेलुगू-कन्नडमध्ये नावं लांबली की ओळ दुमडते, म्हणून ५६ ही किमान उंची धरा, ठाम उंची नव्हे. अक्षरं मोठी केल्यावरही हेच होतं. अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, तेव्हा त्या टोकाला स्क्रीन एकदा उघडून बघाच.

तपासायला सोपा उपाय: स्क्रीनशॉट इतका धूसर करा की एकही अक्षर वाचता येणार नाही. सहा गठ्ठे वेगळे मोजता आले तर अंतरं बरोबर आहेत. मग तोच स्क्रीनशॉट कृष्णधवल करा; मथळे ओळींत मिसळून गेले तर तुमची उतरंड नुसत्या रंगावर उभी होती. शेवटी टॅबलेटवर उघडा. ८०० डीपी रुंदीत ओळीचं नाव डाव्या टोकाला आणि त्याचा स्विच उजव्या टोकाला जातो, त्यांची जवळीक तुटते आणि बोट शेजारच्या ओळीच्या स्विचवर पडतं. यादीची रुंदी ६०० डीपीवर अडवा आणि ती मधोमध बसवा.