पुढं कोण: राजा की प्यादं?

नमस्कार श्रोतेहो. घरात पट असेल तर जवळ घ्या. मोहरे लागतील तीनच: दोन राजे आणि एक पांढरं प्यादं.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी दोन फोटो दाखवतो आणि विचारतो, पांढऱ्याला कुठला डाव हवा? पहिल्या फोटोत पांढरं प्यादं ई ५ वर, त्याचा राजा ई ६ वर आणि काळा राजा ई ८ वर. दुसऱ्यात प्यादं ई ६ वर, पांढरा राजा त्याच्या मागं ई ५ वर आणि काळा राजा समोर ई ७ वर. बहुतेक मुलं दुसऱ्या फोटोवर बोट ठेवतात. प्यादं एक घर पुढं आहे, वजीर व्हायला दोनच घरं उरलीत, असं ती म्हणतात.

खेळून बघा. दुसऱ्या फोटोत काळ्याची खेळी आहे असं धरा. तो राजा सरळ मागं, ई ८ वर नेतो. पांढरा राजा डी ६ वर येतो, काळा डी ८ वर त्याच्यासमोर उभा राहतो. आता प्यादं ई ७ वर सरकवलं की शह बसतो, काळा राजा ई ८ वर येऊन प्याद्याची वाट अडवतो. प्यादं वाचवायला पांढऱ्या राजाला ई ६ वरच यावं लागतं, आणि काळ्याला हलायला घर उरत नाही. शह नाही, चाल नाही, डाव बरोबरीत! मात्र पहिल्याच खेळीला काळा सरळ मागं न जाता तिरका डी ८ वर गेला, तर पांढरा राजा डी ६ वर त्याच्यासमोर येतो आणि काळा हरतो.

आता पहिला फोटो. खेळी पांढऱ्याची. राजा डी ६, काळा डी ८. प्यादं ई ६, काळा ई ८. प्यादं ई ७ वर येतं, पण या वेळी शह न देता. काळ्याला एफ ७ वर हटावंच लागतं, पांढरा राजा डी ७ वर येतो आणि पुढच्या खेळीला वजीर. खेळी काळ्याची असती तरी पांढराच जिंकला असता. सातव्या ओळीवर प्यादं शह देत पोचलं की बिनशहाचं, एवढंच मी मुलांना बघायला सांगतो.

फोटोची एक गोम आहे. तो कुठल्या बाजूनं काढलाय? पटाच्या कडेचे आकडे आधी वाचा. उजव्या कोपऱ्यातलं पांढरं घर इथं कामाचं नाही, ते दोन्ही खेळाडूंना उजवीकडेच दिसतं. दुसरा फोटो काळ्याच्या बाजूनं काढलेला निघाला, तर प्यादं खरं डी ३ वर असतं, काळा राजा त्याच्या मागं पडलेला असतो, आणि बरोबरीचा डाव पांढऱ्यानं जिंकलेला ठरतो.

आणि प्यादं अगदी कडेच्या, ए किंवा एच ओळीवर असेल, तर राजा पुढं असूनही जिंकता येत नाही. काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसतो आणि त्याला तिथून हुसकता येत नाही.