पुरानंतरचं पिण्याचं पाणी: किती उकळायचं, गोळी किती टाकायची आणि मग ठेवायचं कशात

नमस्कार मंडळी. आज माझ्यासमोर टेबलावर तीन गोष्टी आहेत, एक वीस लिटरची बादली, एक निळा जार आणि ही क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी. पाऊस असाच लागून राहिला तर पुढच्या आठवड्यात यातलं बरंच काही तुमच्याही घरात असेल म्हणून हा व्हिडिओ आत्ताच करतोय.

२०१९ चा ऑगस्ट आठवतोय ना? कोल्हापूरकरांना सांगायची गरजच नाही. पंचगंगा शहरात घुसली आणि शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली. म्हणजे बघा, दाराबाहेर कमरेएवढं पाणी आणि घरात नळ कोरडा! मग काय, टँकरची लाईन, कुणाच्या तरी बोअरचं पाणी, नाहीतर विहिरीचं. आमच्याकडे पाहुणे धरून अकरा माणसं होती आणि सिलेंडर एकच, तोही अर्धा. त्यात आमच्या आत्यांचा हट्ट की पाणी वीस मिनिटं उकळलंच पाहिजे. तिसऱ्या दिवशी गॅस संपला आणि मग सगळ्यांनी कच्चं पाणी प्यायलं. पुढे काय झालं ते सांगत नाही, घरात टॉयलेट एक आणि माणसं अकरा, समजून घ्या.

तर पहिला मुद्दा, किती वेळ उकळायचं. एक मिनिट. हो, एकच. पण ते मिनिट कधीपासून मोजायचं यात सगळे चुकतात. पातेल्याच्या तळाला बारीक बारीक बुडबुडे यायला लागतात ना, ती उकळी नाही, ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. वाफ दिसायला लागली तीसुद्धा उकळी नाही. पूर्ण पातेलं खळखळ उलथंपालथं व्हायला लागलं, पळीनं ढवळलं तरी खळखळ थांबत नाही, तिथून घड्याळ लावा आणि एक मिनिट झालं की गॅस बंद.

आता म्हणाल एका मिनिटात जंतू मरतात कसे. अहो ते आधीच मेलेले असतात. कॉलरा, टायफॉईड, काविळीचे जंतू हे सगळे सत्तर अंशाच्या पुढे फार तग धरत नाहीत आणि मोठं पातेलं सत्तरवरून शंभरवर जाईपर्यंत कितीतरी मिनिटं जातात. खळखळ उकळी ही आपल्यासाठी खूण आहे, कारण थर्मामीटर घेऊन कोण उभं राहणार? डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं सांगतात, पण आपलं कळसूबाईचं शिखरसुद्धा तेवढं उंच नाही. म्हणजे महाबळेश्वर असो नाहीतर शिरोळ, एक मिनिट पुरे.

आणि गॅसचा हिशोब बघा. दहा लिटर पाण्याला घरच्या शेगडीवर उकळी यायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. त्यावर आणखी वीस मिनिटं ठेवलं की गॅस जवळजवळ दीडपट जातो, आणि त्या जास्तीच्या गॅसनं पाणी काही जास्त शुद्ध होत नाही, फक्त आटतं. तोच गॅस उद्याच्या पातेल्याला वापरा ना. डॉक्टरांनी बाळासाठी दहा मिनिटं सांगितली असतील तर उकळा बापडे, नुकसान काही नाही, पण सिलेंडर मिळायची मारामार असताना हा फरक मोठा असतो.

आता उकळलेल्या पाण्याची खरी अडचण, जी फारशी कुणी सांगत नाही. त्यात जंतू मेले हे खरं, पण नंतर कुणी त्यात ओला हात घातला, पुराचं पाणी लागलेला तांब्या बुचकळला, तर ते पाणी परत खराब होतं आणि त्याला अडवायला आत काहीच नसतं. क्लोरीनचं तसं नाही. क्लोरीन आपलं काम करून थोडं पाण्यात शिल्लक राहतं आणि पुढचे काही तास राखण करतं. म्हणून पूर ओसरल्यावर, घरात गर्दी असताना, भांडी धुवायचीच बोंब असताना मला गोळी जास्त आवडते.

पण गोळी नीट वापरा. (पट्टी कॅमेऱ्यासमोर) ही बघा. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात हे आधी डोक्यात घ्या. काही गोळ्या पाच लिटरला एक असतात, काही वीस लिटरला एक. शेजारच्या वहिनींनी एका हंड्याला एक टाकली म्हणून आपण टाकायची नाही, त्यांची पट्टी वेगळी असू शकते. पट्टीवर "एका गोळीला किती लिटर" हे छापलेलं असतं ते वाचा, बारीक अक्षर असतं, मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचा. छापील काहीच दिसत नसेल तर आशाताईंना विचारा, वाटणाऱ्याला माहीत असतं.

मग आपलं भांडं किती लिटरचं हे माहीत पाहिजे. बादली वीस लिटरची म्हणून विकतात पण काठोकाठ भरल्यावर वीस, आपण भरतो पंधरा-सोळा. एकदाच लिटरच्या बाटलीनं मोजून भरा आणि बाहेरून मार्करनं रेघ मारा. ही बघा माझी रेघ.

समजा पट्टीवर लिहिलंय, वीस लिटरला एक. टँकरचं पाणी बादलीत रेघेपर्यंत घेतलं. आता वरून बघा, तळ स्पष्ट दिसतोय का? दिसत असेल तर एक गोळी टाका, ती फसफसते आणि विरघळते, स्वच्छ पळीनं ढवळा, झाकण लावा आणि अर्धा तास हात लावू नका. तळ दिसत नसेल, पाणी गढूळ असेल, तर गोळीचं क्लोरीन जंतूंपेक्षा मातीशी आणि काडीकचऱ्याशीच भांडण्यात संपतं. अशा वेळी आधी तुरटीचा खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवा, तास-दोन तास निवळू द्या, मग वरचं पाणी न हलवता सुती धोतराच्या नाहीतर जुन्या साडीच्या चार घड्यांतून दुसऱ्या बादलीत गाळा. एवढं करूनही थोडं गढूळ राहिलं तर एकाऐवजी दोन गोळ्या. आणि हो, तुरटीनं पाणी दिसायला काचेसारखं होतं, पण पिण्यालायक होत नाही. जंतू दिसत नाहीत, त्यामुळे नितळ पाणी बघून फसायचं नाही.

अर्ध्या तासानं झाकण उघडून वास घ्या. पोहायच्या तलावाचा येतो तसा हलका वास आला की समजायचं क्लोरीन शिल्लक आहे, पाणी तयार. वास अजिबात नाही? म्हणजे सगळं क्लोरीन घाणीत खर्च झालं. आणखी एक गोळी, पुन्हा अर्धा तास. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं किट असतं, थेंब टाकला की क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं, त्यांना म्हणा आमच्या बादलीतलं पण बघून द्या. नाही म्हणत नाहीत बहुतेक.

पोरं वास येतो म्हणून नाक मुरडतात, तर पिण्याच्या आधी एका स्वच्छ जगमधून दुसऱ्या जगमध्ये दोन-चार वेळा ओता, वास कमी होतो. लिंबू पिळलं तर लगेच जातो, कारण लिंबातलं व्हिटॅमिन सी क्लोरीन मारून टाकतं. म्हणूनच लिंबू पिळायचं तर अर्धा तास झाल्यावर आणि फक्त ग्लासमध्ये. एका कार्यकर्त्यानं आमच्यासमोर अख्ख्या पिंपात गोळ्या आणि सरबताची पावडर एकदमच टाकली होती, सेवाभाव चांगला पण काम शून्य.

अजून एक, जीवावरचं. या गोळ्या गिळायच्या नसतात! मदतीच्या किटमध्ये त्या तापाच्या गोळ्यांशेजारीच येतात, पट्टीही तशीच दिसते. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी तोंडात टाकलीच होती, सुनेनं बघितली म्हणून बरं. मी आता पट्टीवर मार्करनं मोठ्ठं "पाणी" लिहितो आणि औषधांच्या डब्यात ठेवतच नाही. पट्टी फाटून गोळी उघडी पडली असेल, मऊ झाली असेल तर फेका, हवेतला दमटपणा तिचा दम काढतो.

आता ठेवायचं कशात. बादली ही पाणी तयार करायची जागा, ठेवायची नाही, कारण तोंड मोठं, प्रत्येक जण त्यात हात घालणार. अरुंद तोंडाचा जार किंवा खाली नळ असलेली टाकी, झाकणासकट, हे सगळ्यात बरं. जार आधी साबणानं धुवा, मग आत लिटरभर पाणी आणि एक गोळी टाकून झाकण लावा, सगळीकडे लागेल असं हलवा, अर्धा तास ठेवा आणि ते पाणी ओतून द्या. माठ नको, मातीच्या भांड्यात क्लोरीन लवकर संपतं. तांब्याचा हंडा पण या दिवसांत बाजूलाच ठेवा, तांबं आणि क्लोरीनचं जमत नाही. जार नसेल तर स्टीलची टाकी आणि लांब दांड्याचं ओगराळं, ओगराळं खिळ्याला टांगलेलं, जमिनीवर नाही. क्लोरीनचं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर भांडी घासायला. उकळलेलं पाणी शक्यतो ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून गार करा आणि त्याच दिवशी संपवा.

उकळणं आणि गोळी दोन्ही करायचं असेल तर क्रम सांभाळा, आधी उकळा, पूर्ण गार करा, मग गोळी. गोळीचं पाणी उकळलंत तर क्लोरीन वाफेबरोबर उडून जातं. दोन्ही कशाला? तर काही चिवट जंतू, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक, गोळीला दाद देत नाही, उकळीला मात्र मरतो. त्यामुळे तान्ह्या बाळाला आणि केमो वगैरे चालू असलेल्या माणसाला उकळलेलंच द्या.

आणि एका पाण्याला यातलं काहीच लागू होत नाही. वर इंद्रधनुष्यासारखा तवंग आहे, डिझेलचा वास येतोय, किंवा शेजारी शेती औषधाचं गोदाम बुडालेलं आहे. उसाच्या पट्ट्यात हे होतंच. ते पाणी उकळलं तर पाणी आटतं आणि औषध तसंच राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं. गोळीही काही करू शकत नाही. ते प्यायचं नाही, त्यात तांदूळही शिजवायचे नाहीत, टँकरचीच वाट बघायची.

नळ परत आला की पहिलं पाणी मातकट येतं, ते वाहू द्या, निवळलं तरी पुढचे काही दिवस गोळी चालू ठेवा, पाईप कुठे फुटलाय हे आपल्याला माहीत नसतं. आणि अंगणातल्या हौदात पुराचं पाणी शिरलं असेल तर त्यात नळाचं पाणी सोडू नका, आधी तो उपसून घासायला लागतो. त्याचा व्हिडिओ गुरुवारी टाकतो, आमचाच हौद उघडून दाखवणार आहे.