पहिल्या बॅनरचे किती घ्यायचे?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात घरबसल्या डिझाइनचं काम करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आज बोलणार आहे. लग्नपत्रिका, सणाच्या शुभेच्छा, दुकानाचे बॅनर अशी बरीच कामं असतात, पण मी एकच बॅनर घेऊन बसतो. माझ्या भाचीची ती पहिली ऑर्डर. खानापुरातल्या एका मिठाईवाल्या अण्णांना दिवाळीच्या फराळासाठी सहा फूट लांब आणि तीन फूट उंच बॅनर हवा होता.

तिनं इंकस्केप वापरलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि त्यात काढलेलं अक्षर कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. पानाचं माप आधीच 72 इंच बाय 36 इंच ठेवलं. कन्नड आणि मराठी दोन्ही मजकूर घ्यायचा होता. आपल्याकडे दुकानाच्या नामफलकावर 60 टक्के जागा कन्नडला आणि कन्नड वरच्या अर्ध्या भागात, असा 2024 पासून कायदा आहे. बॅनरवर दुकानाचं नाव मोठं येणार होतं, म्हणून तिनं तेच प्रमाण धरलं. पण वरची कन्नड अक्षरं बारीक आणि खालची मराठी जाड, असं झालं की बॅनर दोन तुकडे जोडल्यासारखा दिसतो. यावर सोपा उपाय आहे. मराठीसाठी Baloo 2 आणि कन्नडसाठी Baloo Tamma 2 घ्यायचा. दोन्ही एकाच घराण्यातले, त्यामुळे जाडी आणि वळण जुळतं. गूगल फॉन्ट्सवर ते मोफत आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात. पत्रिकेसाठी मात्र मी Tiro Devanagari Marathi सुचवीन, कारण त्यातले ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत.

लाडवांचा फोटो अण्णांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. मोबाइलवर तो छान दिसत होता. पण साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, रुंदी साधारण 1600 ठिपक्यांवर येते. बॅनरवर तो तीन फूट, म्हणजे 36 इंच रुंद बसणार. भागाकार केला तर इंचाला जेमतेम 44 ठिपके. लाडू धुरकट आले असते. तिनं तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. तो 4000 ठिपके रुंद निघाला, म्हणजे इंचाला 111. बॅनरला 72 ते 100 पुरतात.

आता खरी अडचण. फाइल घेऊन ती बेळगावला छपाईवाल्याकडे गेली. त्याच्या पडद्यावर ‘दिवाळी’ मोडलेली. पहिली वेलांटी ‘द’च्या आधी उभी राहायची, ती उठून ‘द’च्या पलीकडे जाऊन बसली होती. ‘ऑर्डर’मधला रफार ‘ड’वर चढलाच नव्हता, पाय मोडका ‘र’ शेजारी तसाच उभा. हे आपल्याकडे नेहमी घडतं आणि छापून झाल्यावर कळतं, म्हणून कारण नीट ऐका. कॉम्प्युटर अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतो, आधी द, मग इकार. इकार डावीकडे काढायचा, रफार वर न्यायचा, हे नियम फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून पाळतात. समोरच्या मशीनवर तो फॉन्ट नसला किंवा तिथलं जुनं सॉफ्टवेअर ते नियम पाळत नसलं, की अक्षरं साठवली तशीच सुटी मांडली जातात.

उपाय एका मिनिटाचा आहे. काम पूर्ण झालं की फाइलची दुसरी प्रत करायची. त्या प्रतीत सगळा मजकूर निवडायचा आणि Path या मेनूतलं Object to Path दाबायचं. आता ते अक्षर राहत नाही, अक्षराच्या आकाराचं चित्र होतं, म्हणून कुठल्याही मशीनवर मोडत नाही. त्याची पीडीएफ करून छपाईला द्यायची. मात्र या प्रतीत मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. मूळ फाइल जपून ठेवायलाच हवी. तरी छपाईआधी त्याच्या पडद्यावर ‘दुसऱ्या’, ‘श्री’, ‘ऑर्डर’ असे जोडाक्षरांचे आणि रफाराचे शब्द स्वतः वाचा, कन्नड ओळ कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

आणखी एक. कर्नाटकात 2016 साली प्लास्टिकबंदीचा आदेश निघाला, त्यात प्लास्टिकचे बॅनर आणि फ्लेक्सही आले. म्हणून तिनं कापडावर छपाई सांगितली. कापडात शाई थोडी पसरते, बारीक रेषा बुजतात. फोन नंबर जाड अक्षरात ठेवा. दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंचीचं अक्षर, हा पाटी रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. रस्ता तीस फुटांचा असेल तर आकडे तीन इंचांचे हवेत.

आता पैसे. भाचीनं अण्णांना दीडशे रुपये सांगितले होते, अंदाजानं. मी तिला वहीत तास लिहायला लावले. बोलणी आणि मजकूर गोळा करणं पाऊण तास, मांडणी तीन तास, फोटो आणि रंग पाऊण तास, दुरुस्त्या एक तास, छपाईवाल्याकडची खेप एक तास. साडेसहा तास झाले. बसभाडं 40 रुपये गेलं, हातात 110 उरले, म्हणजे तासाला सतरा रुपयेही नाहीत.

मग दर कसा धरायचा? मांडणीतला दीड तास तर तिचा शिकण्यात गेला, फॉन्ट शोधण्यात. तो गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, असं मला मनापासून वाटतं. उरले पाच तास. नवशिकी म्हणून तासाला 75 रुपये धरले तर 375, वर 40 भाडं, 415 होतात. तिनं पुढच्या तशाच बॅनरला 420 सांगितले. छपाईचे पैसे यात धरू नका, ते गिऱ्हाइकानं थेट छपाईवाल्याला द्यावेत. सहा गुणिले तीन, अठरा चौरस फूट. समजा कापडाचा दर फुटाला 30 असेल, तर 540 रुपये.

हे 540 लक्षात ठेवा. एक आकडा चुकला आणि बॅनर पुन्हा छापावा लागला, तर तुमची सगळी कमाई जाऊन वर खिशातून भरावे लागतील. म्हणून अंतिम चित्र गिऱ्हाइकाला पाठवून नाव, तारीख, फोन नंबर तपासायला सांगा आणि ‘छापा’ असं त्याच्याकडून लिहून घ्या. त्यानंतर सापडलेली मजकुराची चूक त्याची. अक्षर मोडलं तर ते तुमचं, तिथे हुज्जत घालू नका. दोन दुरुस्त्या दरात धरा, तिसरीपासून प्रत्येकी वेगळे पैसे, हे काम घेतानाच सांगा. अर्धे पैसे आधी घ्या. ओळखीच्या माणसाकडे आगाऊ मागायला जीभ रेटत नाही, ठाऊक आहे मला, पण ओळखीतच पैसे जास्त अडकतात.

बॅनर लागल्यावर अण्णांनी पाडव्याच्या शुभेच्छांचं चित्र मागितलं, व्हॉट्सॲपवर टाकायला. चौकोनी, 1080 बाय 1080. दुकानाचं नाव, फॉन्ट, लाडवांचा फोटो, सगळं तयार होतं. चाळीस मिनिटांत झालं. तासाच्या दरानं 50 रुपये. अण्णा म्हणाले, “एवढ्याशा चित्राचे कसले पैसे गं?” तिनं वही उघडून चाळीस मिनिटं दाखवली. अण्णांनी पन्नासाची नोट दिली आणि तुळशीच्या लग्नाचं चित्रही सांगून ठेवलं.