एम३ इन्सर्टसाठी बॉस: भोक किती, खोली किती, भिंत किती?

नमस्कार मंडळी. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला हा डबा बघा. दादरच्या एका सोसायटीच्या गच्चीवर टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारं सर्किट यात बसणार आहे. डबा शेडखाली असेल, पण मे महिन्यात तिथली हवा कशी तापते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून नेहमीचं प्रिंटिंगचं प्लॅस्टिक, पीएलए, बाद. तो साठेक अंशांना मऊ पडायला लागतो आणि त्यात रुतवलेला इन्सर्ट सैल होतो. हा डबा पीईटीजीचा आहे.

झाकण वरचेवर उघडावं लागणार. प्लॅस्टिकमध्ये थेट स्क्रू पिळला तर थोड्याच दिवसांत आटे जातात. त्यामुळे चारही कोपऱ्यांत बॉस, म्हणजे मधे भोक असलेले छोटे खांब, आणि त्यात सोल्डरिंग आयर्ननं गरम करून बसवलेले, आतून आटे असलेले पितळी इन्सर्ट. आज फक्त त्या बॉसबद्दल बोलू.

कॅड उघडण्याआधी इन्सर्ट व्हर्निअरमध्ये धरा. पाकिटावर नुसतं एम३ लिहिलेलं असतं. ते आतल्या आट्याचं माप झालं. बाहेरचा व्यास ४.२ असतो, ४.६ असतो, ५ सुद्धा असतो. नागदेवी स्ट्रीटवरून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, मोजल्याशिवाय भोक काढू नका. माझ्या हातातला हा बाहेरून ४.६ मिमी आणि लांबीला ५.७ मिमी आहे.

(कॅमेरा जवळ)

अंगावरची ही तिरकी खरबड दिसतेय? तिला नर्लिंग म्हणतात. वरच्या पट्ट्यात रेघा एका बाजूला झुकल्यात, खालच्या पट्ट्यात उलट बाजूला, आणि मधे खाच आहे. वितळलेलं प्लॅस्टिक या रेघांमध्ये शिरतं म्हणून इन्सर्ट गोल फिरत नाही, आणि खाचेत शिरतं म्हणून वर उपसून येत नाही. भोकाचं माप ठरतं ते यावरच. रेघा भरतील इतकं प्लॅस्टिक वितळायला हवं, पण उरलेलं कुठे जाईल हा प्रश्न पडावा इतकं नको.

या इन्सर्टला ४.० मिमीचं भोक. म्हणजे प्रत्येक बाजूनं ०.३ मिमी प्लॅस्टिक सरकतं. ४.४ ठेवलंत तर बाजूला ०.१ मिमीच उरतं. रेघांची टोकं तेवढी टेकतात आणि स्क्रू जरा आवळला की इन्सर्ट त्याच्याबरोबर गरगर फिरतो. ३.६ ठेवलंत तर उलटी तऱ्हा. प्लॅस्टिक वर उसळून आट्यात शिरतं आणि बॉस फुगतो. मात्र ‘व्यासातून ०.६ वजा’ हा नियम म्हणून पाठ करू नका. दुसऱ्या घडणीच्या इन्सर्टला वेगळं माप लागतं. बनवणाऱ्याचा तक्ता असेल तर तो पाहा.

आणि कॅडमधलं ४.० प्रिंटमध्ये ४.० येतंच असं नाही. छोटी भोकं बहुतेक प्रिंटरवर ०.१ ते ०.२ मिमी लहान येतात. त्यासाठी ही पट्टी: एकाच तुकड्यावर ३.९ पासून ४.३ पर्यंत पाच बॉस. डब्याचंच फिलामेंट, डब्याचीच सेटिंग. पाचही ठिकाणी इन्सर्ट बसवा, गार होऊ द्या आणि मग हॅक्सॉनं बॉस उभे चिरा.

(चिरलेला बॉस दाखवत)

इथे रेघांमध्ये काळं प्लॅस्टिक पुरतं भरलंय. आणि या दुसऱ्यात रेघांच्या तळाशी पोकळी राहिलीय, वरून मात्र दोन्ही सारखेच दिसत होते. पीईटीजी दमट असेल तर या कापात बारीक बुडबुडेही दिसतात. पावसाळ्यात मुंबईत ही तक्रार हमखास, तेव्हा रीळ आधी सुकवून घ्या.

आता भिंत. ज्यात लोक सगळ्यात जास्त फसतात ती हीच जागा.

४ मिमीच्या भोकाभोवती मी २ मिमी भिंत ठेवलीय, म्हणजे बॉस बाहेरून ८ मिमीचा. पण इन्सर्टला आधार मिळतो तो स्लायसर, म्हणजे प्रिंटचे थर आखणारं सॉफ्टवेअर, जे भरीव काढतं त्याचा. कॅडमधला आकडा तिथे कामाचा नाही. ०.४ च्या नोझलनं एक रेघ साधारण ०.४५ मिमी रुंद येते. वॉल, म्हणजे कडेनं फिरणाऱ्या या रेघा, दोन ठेवल्या तर भोकाच्या बाजूनं दोन आणि बाहेरून दोन, मिळून १.८ मिमी. २ मिमीची भिंत जवळजवळ भरली. आता कोणी म्हणेल, बॉस १० मिमीचा करू, मजबूत होईल. भिंत झाली ३ मिमी. वॉल दोनच राहिल्या तर मधल्या १.२ मिमीत विरळ इन्फिल येतं. बॉस बाहेरून दणकट दिसतो, पण इन्सर्टच्या मागे ०.९ मिमीची साल आणि त्यामागे पोकळी. गरम इन्सर्ट दाबला की ती साल एका बाजूला कलते आणि इन्सर्ट तिरका बसतो. तेव्हा बॉस जाड केलात तर वॉलही चार करा, आणि स्लायसरच्या प्रिव्ह्यूमध्ये तो थर उघडून मधे फट नाही ना हे बघा.

भिंत कमी पडली की बॉसच ते सांगतो. इन्सर्ट बसवण्याआधी आणि नंतर बॉस बाहेरून व्हर्निअरनं मोजा. व्यास लक्षात येईल इतका वाढला असेल, थरांच्या मधे फट उघडली असेल किंवा पांढुरका पट्टा आला असेल, तर भिंत वाढवायला हवी. बॉस डब्याच्या कोपऱ्याला चिकटवलेला असेल तर भोकापासून डब्याच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतही २ मिमी सोडा. नाहीतर आत सगळं ठीक, आणि बाहेरून डब्याच्या अंगावर टेंगूळ. कोपऱ्याला चिकटवण्यात फायदा आहेच. एकटा उंच उभा बॉस बुडाशी थरातून मोडतो. एकटाच ठेवणं भाग असेल तर बुडाला फिलेट द्या.

खोली स्क्रूवरून ठरते. झाकण ३ मिमी, स्क्रू एम३ बाय १०. झाकणाखाली ७ मिमी स्क्रू उतरणार. इन्सर्ट ५.७, म्हणजे टोक १.३ मिमी खाली बाहेर येतं. शिवाय दाबताना पुढे ढकललेलं प्लॅस्टिक तळाशी साचतं, त्याला मिलिमीटरभर जागा हवी. मी भोक ८.५ मिमी खोल ठेवलंय. नुसत्या इन्सर्टच्या लांबीचं भोक ठेवलंत तर स्क्रूचं टोक तळाला अडतं. हाताला वाटतं आवळला, पण झाकण खुळखुळत राहतं. आणखी जोर लावला की स्क्रू तळावर रेटून इन्सर्टलाच वर उचलतो. एम३ बाय ८ वापरलात तर ५ मिमी आटे पकडतात, तेही पुरेसे आहेत, आणि मग ७ मिमी खोली चालते.

भोकाच्या तोंडाला ०.५ मिमी चॅम्फर द्या. वर येणारं थोडं प्लॅस्टिक त्यात मावतं आणि इन्सर्टभोवती कड उभी राहत नाही. दाबताना शेवटचा थोडा भाग सोल्डरिंग आयर्ननं दाबू नका. आयर्न काढा आणि लगेच सपाट धातूची पट्टी वरून दाबून धरा, म्हणजे इन्सर्ट पृष्ठभागाला समतल बसतो.

समतल बसायला हवा याचं कारण झाकणात आहे. झाकणातलं भोक ३.४ मिमी ठेवा, इन्सर्टच्या ४.६ पेक्षा लहान. मग स्क्रू आवळताना इन्सर्ट झाकणाला खालून टेकतो आणि वर सरकायला जागाच उरत नाही. तेच भोक कोणी ५ मिमीचं केलं, किंवा इन्सर्ट अर्धा मिलिमीटर खाली राहिला, तर प्रत्येक आवळणीला तो वर ओढला जातो आणि सगळा भार रेघांमधल्या प्लॅस्टिकवर येतो. हे तपासायला झाकणाऐवजी इन्सर्टपेक्षा मोठ्या भोकाची नळी बॉसवर ठेवा, वर वॉशर घाला आणि स्क्रू हळूहळू आवळत जा. चाचणीच्या पट्टीवर करा, डब्यावर नको, कारण जोर वाढवत नेला की इन्सर्ट कधीतरी निघणारच. तो फिरला की उपसला की बॉसच फाटला, त्यावरून पुढच्या प्रिंटमध्ये भोक बदलायचं की भिंत, ते कळतं.